हाताला लागेल असं नाव

मातीकामाचा स्टुडिओ काढायचाय आणि त्याला शांत वाटणारं नाव हवंय, असं चार माणसांत म्हणून बघा. पाच मिनिटांत यादी तयार होते: विसावा, निवांत, शांतिकुटी, मृण्मयी, झेन क्ले. यातलं एकही नाव वाईट नाही. पण 'विसावा' म्हटलं की लोणावळ्याकडचं फार्महाऊस नाहीतर वृद्धाश्रम डोळ्यांसमोर येतो. 'निवांत' होमस्टेला शोभतं. 'झेन' शब्द स्पापासून चहाच्या पाकिटांपर्यंत सगळीकडे वापरून गुळगुळीत झालाय. या नावांमधून शांततेची जाहिरात होते, पण माती कुठेच हाताला लागत नाही.

माझी एक मैत्रीण पुण्यात सहकारनगरात स्टुडिओ सुरू करत होती. बंगल्याचं गॅरेज, चार विजेवरची चाकं, एक इलेक्ट्रिक भट्टी, आणि शनिवारी सकाळी नि रविवारी संध्याकाळी आठ-आठ जणांचे वर्ग. जागा तयार होती, भट्टीची चाचणी झाली होती, अडलं होतं ते नावापाशी. तिच्या मागण्या दोनच होत्या. नाव ऐकताना बोटांना काहीतरी जाणवलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याचा जीव जरा खाली बसला पाहिजे. या दोन मागण्यांपायी तिने केलेला खटाटोप सांगण्यासारखा आहे, कारण नुसतं गोड वाटणारं नाव नेमकं कुठे आपटतं हे त्यातून कळतं.

शांततेचं आश्वासन नको

पहिला प्रश्न असा, की सुट्टीच्या दिवशी मातीच्या वर्गाला येणाऱ्या माणसाच्या हाताला नक्की काय होतं? आधी माती मळायची. पाटावर दोन्ही तळव्यांनी गोळा पुढे ढकलायचा, मागे ओढायचा, पुन्हा दाबायचा. यातून आत अडकलेली हवा निघून जाते आणि मऊ-घट्ट भाग सारखे होतात. मग गोळा चाकाच्या मधोमध आपटायचा, हात ओले करायचे, कोपर मांडीला टेकवायचं आणि फिरणारी माती दोन्ही हातांत धरून ठेवायची. नवख्या माणसाचा गोळा हेलकावे खातो. तो हातांना ढकलतो, हात त्याला ढकलतात. चाकावर बसलेल्या बहुतेकांचा पहिला वर्ग या झटापटीतच संपतो. कधीतरी गोळा मध्यावर येतो, म्हणजे चाक फिरत असतं पण तळव्याला हलणं जाणवत नाही. हा क्षण खरोखर शांत असतो, पण तो मिळेलच असं शनिवारी सकाळी कुणी लिहून देऊ शकत नाही.

म्हणून नावात 'शांती' घालणं धोक्याचं. ज्याचं भांडं तिसऱ्यांदा कोलमडलंय आणि ज्याच्या पँटवर चिखल उडालाय, त्याला भिंतीवरची 'शांतिकुटी' ही अक्षरं टोमणा वाटतात. मैत्रिणीने इथेच एक निर्णय घेतला. शांतपणा नावाच्या अर्थात नसेल, आवाजात असेल. अर्थात असेल ती माती किंवा मातीला हात लावणं.

हाताचे शब्द

मग आम्ही शब्दकोश बाजूला ठेवून क्रियापदं लिहायला घेतली. मळणे, तिंबणे, थापणे, वळणे, चेपणे, सारवणे, लिंपणे. यातले निम्मे शब्द स्वयंपाकघरातले आहेत आणि हीच त्यांची ताकद. ज्याने आयुष्यात चाक पाहिलेलं नाही, त्यालाही कणीक मळताना आणि लाडू वळताना हाताला काय वाटतं ते ठाऊक असतं. मातीकामातही हीच कामं करावी लागतात. मातीच्या लांब वळ्या करून त्या एकावर एक रचून भांडं उभं करतात, पातळ माती भांड्याच्या अंगावर सारवतात. 'सारवण' हे नाव त्यामुळे यादीत बरेच दिवस टिकलं. ते पडलं एका साध्या कारणाने: शहरात वाढलेल्या विशीतल्या मुलामुलींनी सारवणं पाहिलेलंच नव्हतं. त्यांच्या हाताला त्या शब्दातून काहीच लागेना.

नामांची यादी त्याहून गमतीची निघाली, कारण मातीच्या वस्तूंना मराठीत वाक्प्रचार चिकटलेले आहेत. 'माती' म्हटल्यावर मैत्रिणीची मावशी लगेच म्हणाली, "अगं, पैशाची माती केली म्हणतात, लोक हसतील." 'खापर' कुणाच्या तरी डोक्यावर फुटतं. 'मडकं' म्हटलं की जुन्या लोकांना अंत्ययात्रा आठवते. 'घट' छोटा, सुबक आणि नवरात्राशी जोडलेला, पण धंद्याच्या पाटीवर तोच शब्द तोटा वाटू शकतो. 'कुंभ' मेळ्याकडे आणि राशीकडे जातो. मातीच्या शब्दांचा हा दुसरा अर्थ घरातल्या वयस्कर माणसाला विचारल्याशिवाय नाव पक्कं करू नये. तरुण मित्रमंडळींना तो सुचत नाही, आणि पाटी लागल्यावर मात्र तो रोज ऐकावा लागतो.

'कुंभारवाडा' हे नावही कुणीतरी सुचवलं. ऐकायला भारदस्त, पण मैत्रिणीने ते घेतलं नाही. पुण्यात कसब्यात कुंभारवाडा आहे, मुंबईत धारावीत आहे, आणि तिथे पिढ्यान्‌पिढ्या चाकावर पोट असलेली माणसं राहतात. कुंभार ही ओळख व्यवसायाची आहे तशी समाजाचीही आहे. चार चाकं आणि वीकेंडचे वर्ग एवढ्या भांडवलावर ते नाव आपल्या पाटीवर चढवणं तिला पटेना.

शेवटी तीन नावं उरली: ओल, ओंजळ आणि ओलावा. तिन्ही पाण्याशी आणि हाताशी जोडलेली. मातीकामात सगळा खेळ ओलीचाच असतो. माती फार ओली असेल तर भांडं बसकण मारतं, फार कोरडी असेल तर वळताना चिरा जातात. भांडं अर्धवट सुकलं की कपड्याने किंवा प्लास्टिकने झाकून ठेवतात, म्हणजे पुढच्या शनिवारी त्याला कान जोडता येतो. ओल सांभाळणं हे आठवड्यातून एकदाच भरणाऱ्या वर्गाचं तर मुख्य काम, कारण मधले सहा दिवस भांडं एकटंच फळीवर असतं.

तोंडात शब्द कसा वळतो

आता आवाजाकडे येऊ. जर्मन मानसशास्त्रज्ञ वोल्फगांग कोहलर यांनी १९२९ साली एक साधं निरीक्षण मांडलं होतं. एक टोकदार आणि एक गोलसर अशा दोन आकृत्या दाखवल्या आणि दोन अर्थहीन शब्द दिले, तर लोक कोणता शब्द कोणत्या आकृतीचा हे जवळजवळ एकमताने ठरवतात. २००१ साली व्ही. एस. रामचंद्रन आणि एडवर्ड हबर्ड यांनी 'बूबा' आणि 'किकी' हे शब्द वापरून हाच प्रयोग प्रसिद्ध केला. गोलसर आकृती बूबा, टोकदार ती किकी, असं बहुसंख्य लोकांनी सांगितलं. पुढे पंचवीस भाषा बोलणाऱ्या लोकांवर झालेल्या अभ्यासातही सुमारे सत्तर टक्के लोकांनी हीच जोडी लावली. म्हणजे हा काही पक्का नियम नाही, पण कल स्पष्ट आहे. क, ट, ख यांसारखे आवाज आपल्याला टोकदार वाटतात. म, न, ल, व आणि ओ, ऊ हे आवाज गोलसर वाटतात.

मराठी कानाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. 'टणक', 'कडक', 'खडक' हे शब्द बोलून बघा आणि मग 'मऊ', 'लोणी', 'ओलं' हे बोलून बघा. पहिल्या गटात श्वास अडतो आणि फुटतो, दुसऱ्या गटात तो वाहत राहतो. 'ओलावा' म्हणताना ओठ एकदा गोल होतात, जीभ एकदा हलकेच टेकते, 'वा'ला ओठ पुन्हा जवळ येतात, आणि शब्द उघड्या स्वरावर संपतो. कुठेही धक्का बसत नाही.

पण गोलसर आवाज असला म्हणजे भागलं असंही नाही. पुण्यातल्या शनिवारच्या वर्गात अर्धे लोक मराठी नसतात, आणि मराठीचे काही आवाज आपल्याबाहेर अनेकांना जमत नाहीत. 'चाक' हे नाव घ्या. छोटं, अर्थपूर्ण, थेट. आपण त्यातला 'च' दातांपाशी उच्चारतो. हिंदीभाषक तोच 'चाय'मधला 'च' करून म्हणतो, आणि रोमन लिपीत ते chaak की chak याचा निकाल लागत नाही. 'ओंजळ' तर दोनदा अडखळते. त्यातला 'ज'ही दंत्य आणि शेवटी 'ळ'. हिंदीत आणि रोमन लिपीत 'ळ'चा 'ल' होतो, आणि 'ओंजल' हा शब्द कुणाच्याच मालकीचा राहत नाही. मैत्रिणीला 'ओंजळ' फार आवडलं होतं. दोन्ही हात मातीभोवती धरले की जो आकार होतो तोच तो. पण आपल्या दाराच्या पाटीवरचा शब्द निम्म्या ग्राहकांनी चुकीचा म्हणावा आणि आपण दर वेळी दुरुस्त करावा, ही कटकट कोण सोसणार?

'ओल' दुसऱ्याच कारणाने गेलं. तळमजल्यावरच्या गॅरेजला 'ओल' नाव दिलं तर शेजारी रंगाऱ्याचा नंबर देतील, ही घरातलीच थट्टा. त्यात बंगाल-बिहारकडे ओल म्हणजे सुरण. एका बंगाली विद्यार्थिनीने हे सांगितल्यावर ते नाव हसत हसत बाद झालं.

फोनवरची परीक्षा

राहिलं 'ओलावा'. त्यात माती ओली ठेवणं आहे आणि नात्यातला ओलावाही आहे, म्हणजे तोच शब्द जिव्हाळ्यासाठीही आपण रोज वापरतो. तरी त्याचीही परीक्षा घ्यायचीच होती. मैत्रिणीने एक चांगली युक्ती केली. तिने ओळखीच्या लोकांना नाव लिहून न देता फोनवर सांगितलं, तेही मागे पंखा, मिक्सर किंवा रस्ता चालू असताना, आणि त्यांना ते व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवायला सांगितलं. उत्तरं आली ती olava, olawa, olaava आणि एक नुसतंच ola.

यातून दोन गोष्टी कळल्या. 'व' रोमनमध्ये v आणि w असा दोन्ही लिहिला जातो, तेव्हा एक स्पेलिंग पक्कं करायचं आणि जमलं तर दुसऱ्या स्पेलिंगचं इन्स्टाग्राम खातंही आपल्याच नावे घेऊन ठेवायचं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. शेवटचं 'वा' तोंडातल्या तोंडात गेलं तर उरतं ते टॅक्सीमुळे घरोघरी पोहोचलेलं नाव. म्हणून तिने पाटीवर, पावतीवर आणि फोनवर नाव कधीच एकटं न वापरायचं ठरवलं. 'ओलावा मातीकाम' असं जोडून म्हणायचं. 'मातीकाम' हा साधा, सांगणारा शब्द मागे आला की ऐकणाऱ्याला संदर्भ मिळतो आणि आधीचा शब्द तो नीट ऐकतो.

हा जोडशब्दाचा मार्ग बहुतेक छोट्या स्टुडिओंना सोयीचा पडतो. पुढचा शब्द वेगळेपणासाठी, मागचा शब्द काय मिळतं ते सांगायला. सगळा भार एकाच शब्दावर टाकला की एकतर तो कुणालाही कळत नाही, नाहीतर इतका सरधोपट होतो की लक्षात राहत नाही. मात्र गूगलच्या नकाशावर सापडावं म्हणून नावापुढे 'पुण्यातील उत्तम पॉटरी क्लास' असली शेपटी लावू नये. दुकानाचं नाव प्रत्यक्ष पाटीवर जसं आहे तसंच द्यावं असा गूगलचा नियम आहे. वर्गांची माहिती द्यायला प्रकार आणि वर्णन या वेगळ्या जागा असतात.

भांड्याच्या बुडाशी

कपड्याच्या किंवा केकच्या दुकानाला पडत नाही असा एक प्रश्न मातीकामात पडतो. नाव भांड्याच्या बुडावर उमटवावं लागतं. भांडं अर्धं सुकलेलं असताना, म्हणजे बोटाने दाबलं तर खूण उमटते पण भांडं वाकत नाही अशा वेळी, ठसा मारतात. या अवस्थेला स्टुडिओतले लोक 'लेदर हार्ड' म्हणतात. माती त्याहून ओली असेल तर ठसा चिकटून अक्षरं फाटतात, आणि कोरडी असेल तर दाबताच बुडाला तडा जातो.

मैत्रिणीने पहिला ठसा मातीचाच केला. अक्षरं उलटी कोरली, ठसा भट्टीत भाजला. रुंदी ठेवली १५ मिलिमीटर, कारण चहाच्या कपाच्या बुडाला त्याहून मोठी मोकळी जागा मिळत नाही. आता 'ओलावा' कागदावर लिहून उभे दंड मोजा. 'ओ'चे दोन, 'ला'चे दोन, 'वा'चे दोन. सहा दंड १५ मिलिमीटरमध्ये, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिलिमीटर, आणि त्यातच 'ल' आणि 'व'च्या गाठी बसवायच्या. वर माती आकसते. स्टोनवेअर माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण दहा ते तेरा टक्के लहान होते. बारा टक्के धरले तर १५ मिलिमीटरचा ठसा भट्टीतून बाहेर येतो तेव्हा १३ मिलिमीटरच्या आसपास उरतो. पहिल्या खेपेच्या कपांवर 'ओलावा' वाचता येत नव्हतं. शिरोरेषेखाली कंगव्याचे दात तेवढे दिसत होते. दोन कपांच्या बुडाला ग्लेझ लागली होती. तिथे ती अक्षरांच्या खाचांत साचली आणि दातही बुजले.

उपाय सोपा निघाला. बुडावर पूर्ण नाव न उमटवता नुसतं 'ओ' उमटवायचं. एकच अक्षर असल्याने दंड जाड ठेवता आले, खाच दीड-दोन मिलिमीटर खोल गेली, आणि बूड ग्लेझशिवाय ठेवल्याने अक्षर स्वच्छ राहिलं. नाव ठरवतानाच हे पाहून घ्यावं: त्याचं पहिलं अक्षर एकटं उभं राहू शकतं का? 'मृण्मयी'तला 'मृ' इतक्या लहान आकारात टिकत नाही, कारण ऋकाराची शेपटी आकसून खालच्या कडेला चिकटते. 'ओ', 'म', 'व', 'ग' ही अक्षरं टिकतात.

पाटी आणि नोंदणी

महाराष्ट्रात दुकानं आणि आस्थापनांच्या पाटीवर नाव मराठीत, देवनागरीत लिहिणं बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनांनाही हा नियम लागू झाला. मराठी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत. त्यामुळे 'क्ले अँड कोझी'सारखं इंग्रजी नाव ठेवलं तरी पाटीवर ते देवनागरीत मोठं लिहावंच लागतं, आणि तिथे ते अवघडून बसतं. नाव आधी देवनागरीत रंगवून पाहावं, मग रोमनमध्ये. उलट क्रमाने केलं तर बहुधा पाटी करणाऱ्याच्या दुकानात पश्चात्ताप होतो.

ट्रेडमार्कचा विचार मात्र पाटी रंगवण्याआधी करावा. १९९९ च्या कायद्यातलं नववं कलम सांगतं, की वस्तूचा प्रकार किंवा गुण नुसता वर्णन करणारा शब्द सहसा एकट्याच्या मालकीचा करता येत नाही. 'माती' किंवा 'क्ले स्टुडिओ' या नावांची अडचण तिथे आहे. तो शब्द उद्या शेजारच्या गल्लीतला माणूसही वापरू शकतो आणि आपल्याला तक्रार करायला फारशी जागा उरत नाही. 'ओलावा' मातीचं थेट वर्णन करत नाही, फक्त तिकडे बोट दाखवतो, म्हणून त्याची बाजू जरा बरी. अकरावं कलम आधीच्या मिळत्याजुळत्या नावांबद्दल आहे, आणि त्यात आवाजाचं साम्यही धरतात. म्हणून आयपी इंडियाच्या संकेतस्थळावर शोध घेताना उच्चारावरून शोधायची सोय वापरावी, आणि 'व'-'ब', 'ल'-'ळ' असे जवळचे पर्यायही तपासावेत.

वर्ग निवडताना स्टुडिओवाले हमखास एक गोष्ट विसरतात. मातीची भांडी २१ व्या वर्गात येतात, पण शिकवणं ४१ व्या वर्गात. ज्याची निम्मी कमाई वर्गांच्या फीमधून होते त्याने फक्त भांड्यांसाठी नोंदणी केली, तर शिकवण्याच्या बाबतीत नाव उघडंच राहतं. दुसऱ्यांची भांडी पैसे घेऊन भाजून देणार असाल तर ते काम ४० व्या वर्गात जातं. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर प्रत्येक वर्गामागे ४,५०० रुपये शुल्क आहे, म्हणजे दोन वर्गांचे ९,००० होतात. अर्ज मान्य होऊन जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला की हरकत घ्यायला चार महिने असतात. नोंदणी मिळाली की ती दहा वर्षं चालते आणि पुढे नूतनीकरण करता येतं.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. नोंदवहीत नाव सापडलं नाही म्हणजे ते मोकळं आहे असं नव्हे. नोंदणी न करता आधीपासून ते नाव वापरणाऱ्यालाही कायदा संरक्षण देतो. तेव्हा इन्स्टाग्राम, नकाशे आणि प्रदर्शनांच्या याद्याही चाळाव्या लागतात. मैत्रिणीने हे सगळं केलं, टॅक्सीच्या नावाशी असलेलं साम्य वकिलाला वेगळं विचारलं, आणि मग दोन वर्गांत 'ओलावा मातीकाम' असा पूर्ण नावाचा अर्ज केला.

नाव जमलंय का, हे वर्ग सुरू झाल्यावर कळतं, आणि त्याची खूण सोपी आहे. चौकशीचे फोन येतात तेव्हा लोक नाव ऐकून काय विचारतात ते लिहून ठेवावं. "काय म्हणालात?" किंवा "स्पेलिंग सांगा" असं वारंवार आलं तर उच्चारात किंवा लिपीत खोट आहे, आणि ती पहिल्या दोन-तीन महिन्यांतच, छापील माल थोडा असताना सुधारून घ्यावी. "ओलावा का बरं?" असं कुणी विचारलं तर काळजीचं कारण नाही. त्याला शनिवारी अर्ध्या सुकलेल्या भांड्यावरचा कपडा काढून बोट लावायला सांगायचं.